मेलच्या तळाशी काय ठेवावं?

मेल तीन ओळींचा असतो. सोबत कोटेशन जोडलं आहे, दर ३० दिवस लागू राहतील, काही शंका असल्यास कळवा. त्याखाली नाव, हुद्दा, फोन नंबर. आणि त्याच्याही खाली बारीक, राखाडी अक्षरांत दोनशे शब्दांचा इंग्रजी परिच्छेद. हा मेल गोपनीय आहे आणि ज्याच्या नावाने पाठवला त्याच्यासाठीच आहे. आपण ती व्यक्ती नसाल तर तो वाचणं, त्याची प्रत काढणं, पुढे पाठवणं सक्त मना आहे आणि बेकायदेशीर ठरू शकतं. चुकून आला असल्यास ताबडतोब नष्ट करा. यातली मतं लिहिणाऱ्याची आहेत, कंपनीची नाहीत. व्हायरसमुळे नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही. या मेलमधून कोणताही करार होत नाही. आणि शेवटी, प्रिंट काढण्यापूर्वी झाडांचा विचार करा.

हा मजकूर कंपनीत कोणी लिहिलेला नसतो. तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मेलवरून उचललेला असतो, आणि त्या कंपनीने आणखी कुणाचा तरी घेतलेला असतो. तो काढायला कोणी धजत नाही, कारण ‘असू दे, नुकसान तर काही नाही’ असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते नुकसान आहे, आणि ते नेमकं अशा वेळी होतं जेव्हा एखादी माहिती खरोखर जपायची असते.

आधी हा परिच्छेद अनोळखी माणसाला बांधू शकतो का, ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, पण त्याचं मूळ तत्त्व मेललाही तसंच लागू पडतं. एकाने प्रस्ताव द्यायचा आणि दुसऱ्याने तो स्वीकारायचा, तेव्हा दोघं बांधले जातात. मी तुम्हाला न विचारता एक कागद पाठवला आणि त्याच्या तळाशी ‘हा वाचलात म्हणजे तुम्ही गुप्ततेला राजी झालात’ असं लिहिलं, तर त्यातून करार होत नाही. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने होकार दिला, असं पाठवणाऱ्याला एकतर्फी ठरवता येत नाही. शिवाय अट तळाशी असते. ‘वाचू नका’ हे वाक्य डोळ्यांसमोर येतं तेव्हा मेल वाचून झालेला असतो. ‘सक्त मना’ आणि ‘बेकायदेशीर’ हे शब्द कितीही ठसठशीत छापले, तरी ज्याच्यावर आधीपासून कसलंच बंधन नाही त्याच्यावर ते नवं बंधन घालत नाहीत.

म्हणून सूचनेचा काहीच उपयोग नाही, असंही मात्र म्हणता येत नाही. गोपनीयता राखण्याचं कर्तव्य केवळ करारातून येत नाही. इंग्लंडमध्ये ‘स्पायकॅचर’ या पुस्तकावरून गाजलेल्या खटल्यात लॉर्ड गॉफ यांनी एक उदाहरण दिलं होतं. उघडच गोपनीय दिसणारा एक कागद विजेच्या पंख्याच्या वाऱ्याने खिडकीबाहेर उडाला आणि गर्दीच्या रस्त्यावर पडला, तर तो उचलणाऱ्यावरही तो जपण्याचं कर्तव्य येऊ शकतं. कारण त्याने काही कबूल केलेलं नसलं, तरी हा कागद आपल्यासाठी नाही हे त्याला कळलेलं असतं. चुकीच्या पत्त्यावर गेलेला मेल म्हणजे साधारण तोच कागद. तेव्हा ‘हे गोपनीय आहे’ अशी सूचना उपयोगी पडते ती हुकूम म्हणून नव्हे, तर समोरच्याला कल्पना होती याचा पुरावा म्हणून. पण अशी कल्पना मजकुराच्या स्वरूपावरूनही येते. कुणाच्या पगाराचा तक्ता चुकून हातात आला, तर तो खासगी आहे हे सांगायला तळटीप लागत नाही.

आपल्याकडे या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २००३ चा ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स’ हा निकाल आवर्जून समजून घेण्यासारखा आहे. एका निर्मितीसंस्थेने मालिकेची कल्पना लेखी टिपणासह वाहिनीच्या लोकांपुढे मांडली होती. पुढे त्याच धर्तीची मालिका वाहिनीवर आली, आणि संस्थेने कोर्टात धाव घेतली. न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला. असा दावा करणाऱ्याने काय दाखवायला हवं, याची कसोटी या निकालात आहे. कोणती माहिती गोपनीय होती ते नेमकेपणाने सांगता आलं पाहिजे. ती विश्वासाने, गुप्तता अपेक्षित असलेल्या परिस्थितीत दिली होती हे दाखवता आलं पाहिजे. ती मुळात गोपनीय मानता येईल अशी असली पाहिजे. आणि समोरच्याने ती परवानगीशिवाय वापरली, किंवा वापरण्याची धमकी तरी दिली, हे दिसलं पाहिजे.

आता हीच कसोटी मेलखालच्या परिच्छेदाला लावून बघा. पहिली अट आहे नेमकेपणाची. दिवाळीच्या शुभेच्छा, मीटिंगची वेळ, बिलाची आठवण आणि नव्या उत्पादनाचं ड्रॉइंग, या सगळ्यांखाली तोच परिच्छेद असेल तर त्यातून नेमकं काहीच सांगितलं जात नाही. उलट समोरचा वकील तेच मेल काढून दाखवू शकतो. तुम्ही जेवणाच्या आमंत्रणालाही गोपनीय म्हणता, मग आमच्या अशिलाने तुमच्या या शिक्क्यावरून काय समजायचं? मी ज्याला नुकसान म्हणतो ते हे. सगळ्यावर मारलेला शिक्का खऱ्या गोपनीय कागदावरही फिका पडतो.

न्यूयॉर्कच्या एका खटल्यात हे स्पष्टपणे दिसलं. तिथल्या बेथ इस्रायल मेडिकल सेंटरमधल्या एका डॉक्टरचा रुग्णालयाशी वाद झाला. त्याने आपल्या वकिलांशी पत्रव्यवहार केला, पण तो रुग्णालयाच्याच मेलवरून. या यंत्रणेवर कर्मचाऱ्याने खासगीपणाची अपेक्षा ठेवू नये, असं रुग्णालयाचं लेखी धोरण होतं. वकिलांच्या मेलखाली गोपनीयतेची नेहमीची तळटीप होती, आणि तिच्या आधारे ‘हा वकील-अशिलातला संवाद आहे, तो उघड करता येणार नाही’ असा दावा झाला. २००७ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. छापील तळटीप म्हणजे माहिती जपण्यासाठी घेतलेली पुरेशी खबरदारी नव्हे, असा त्याचा आशय होता. डॉक्टरने स्वतःच्या खासगी मेलवरून लिहिलं असतं, तर तळटीप नसतानाही त्याची बाजू कितीतरी बळकट राहिली असती.

आणखी एक अडचण वाद उभा राहिल्यावर कळते. जुन्या मेलमधून वकिलांशी झालेला पत्रव्यवहार वेगळा काढायचा असतो. त्यासाठी ‘गोपनीय’ किंवा ‘कायदेशीर संरक्षण असलेला’ असे शब्द टाकून शोध घेतला, तर कंपनीतून बाहेर गेलेला प्रत्येक मेल समोर येतो, कारण ते शब्द सगळ्यांच्याच तळाशी आहेत. मग माणसं बसवून एकेक मेल वाचावा लागतो. त्यातला एखादा नजरेतून सुटून समोरच्या पक्षाच्या हाती पडण्याची भीती असते ती वेगळीच.

आता छाटणीकडे वळू. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली यंत्राचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी डोळ्यांसमोर आणा. ती प्रायव्हेट लिमिटेड आहे. रोज कोटेशन, पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग, डिलिव्हरीच्या तारखा असे मेल जातात. तळाचा परिच्छेद वर सांगितला तसाच. त्यातलं एकेक वाक्य घेऊन एकच प्रश्न विचारायचा: या वाक्यामुळे कोण, केव्हा, काय वेगळं करेल?

‘मेल गोपनीय आहे, वाचणं सक्त मना आहे’ या वाक्याचं उत्तर वर येऊन गेलं. ते काढून टाकावं. गोपनीय मेलसाठी वेगळी सोय करायची, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

‘मतं लिहिणाऱ्याची, कंपनीची नाहीत’ हे वाक्य व्यावसायिक मेलखाली मला सर्वांत विसंगत वाटतं. खरेदी विभागाचा मॅनेजर कंपनीच्या मेलवरून ऑर्डर देतो, तेव्हा तो कंपनीच्या वतीनेच बोलत असतो, आणि समोरच्याने तसंच समजावं अशी कंपनीची इच्छा असते. एजंटला अधिकार आहे असा बाहेरच्या माणसाचा समज मालकाने आपल्या वागण्याने करून दिला, तर मालक बांधला जातो, असं करार कायद्याचं कलम २३७ सांगतं. वर ऑर्डर द्यायची आणि खाली ती आमची नव्हे म्हणायचं, हे टिकणार नाही. व्याख्यान देणाऱ्या किंवा वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने तिथे तसा खुलासा करणं योग्य आहे. कोटेशनखाली त्याला जागा नाही.

व्हायरसचं वाक्य वाचून कोणी अटॅचमेंट उघडायची थांबत नाही. ‘मेल सुरक्षित असेल याची खात्री देता येत नाही’ हे वाक्य तर उलट अडचणीत आणणारं आहे. ज्या साधनाची खात्री नाही असं तुम्ही स्वतःच लिहिता, त्याच साधनाने ग्राहकाचं ड्रॉइंग का पाठवलंत, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. दोन्ही वाक्यं काढावीत. झाडांची ओळही काढावी. तिच्यासह परिच्छेद लांबला, तर प्रिंट काढताना एक पान जास्तच लागतं.

‘चुकून आला असल्यास कळवा आणि काढून टाका’ हे वाक्य मात्र ठेवण्यासारखं आहे. ते धमकी देत नाही, विनंती करतं. आणि बहुतेक माणसं भली असतात. काय करायचं हे साध्या शब्दांत सांगितलं तर ती करतात. दोनशे शब्दांच्या दाटीत ही विनंती कोणाला दिसत नव्हती, ती एकटी उरली की दिसते. ग्राहक आणि पुरवठादार मराठी वाचणारे असतील तर ती मराठीत लिहावी, हवी तर शेजारी इंग्रजीत. जिच्यावर वाचणाऱ्याने काही कृती करावी अशी अपेक्षा आहे, ती ओळ त्याच्या भाषेत हवी.

गंमत अशी, की कायद्याने जे लिहायलाच हवं ते या लांब परिच्छेदांत अनेकदा सापडत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर, बिलांवर आणि लेटरहेडवर तिचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, फोन नंबर, आणि असल्यास मेल व वेबसाइटचा पत्ता असावा लागतो. कसूर झाल्यास दिवसाला १,००० रुपये आणि कमाल १ लाखापर्यंत दंड आहे. पत्रव्यवहार मेलवरच होत असेल, तर हा तपशील मेलखाली देणं हाच सुरक्षित मार्ग. एलएलपी असेल तर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदणी झाल्याचा उल्लेख, अशी त्यांची वेगळी तरतूद आहे.

मग चाकणच्या कंपनीच्या मेलखाली काय उरलं? एका ओळीत कंपनीचं नाव आणि सीआयएन, दुसऱ्या ओळीत पत्ता, फोन, वेबसाइट, आणि शेवटी: ‘हा मेल आपल्याकडे चुकून आला असल्यास कृपया उत्तर देऊन आम्हाला कळवा आणि तो काढून टाका.’ बस्स.

फक्त ‘या मेलमधून करार होत नाही’ हे एक वाक्य बाजूला ठेवलं आहे, कारण त्यामागची काळजी खरी आहे. मेलवरून करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ तसं स्पष्ट सांगतं, आणि ‘ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम’ या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. १५ ऑक्टोबर २००७ रोजी ट्रायमेक्सने मेलवरून बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव दिला. काही मेलची देवाणघेवाण झाली आणि १६ तारखेला मेलवरूनच ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या पाच जहाजांसाठी होकार आला. पुढे रीतसर करारपत्रावर सह्या झाल्याच नाहीत, आणि वाद झाला तेव्हा ‘करारच झालेला नाही’ असा पवित्रा घेतला गेला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. महत्त्वाच्या अटींवर एकमत होऊन स्वीकार झाला असेल, तर कागद नंतर तयार व्हायचा होता एवढ्यावरून करार मोडीत निघत नाही.

आता एखाद्या विक्री अधिकाऱ्याने मेलमध्ये ‘दर मान्य, सोमवारपासून माल पाठवा’ असं लिहिलं, आणि तळाशी मात्र ‘यातून करार होत नाही’ हे छापील वाक्य आहे. वर माणसाने त्या दिवशी, त्या व्यवहारासाठी लिहिलेलं वाक्य आहे आणि खाली यंत्राने प्रत्येक मेलला चिकटवलेलं. त्यातलं कोणतं खरं मानलं जाईल, याचा अंदाज करणं कठीण नाही. खरोखर बांधलं जायचं नसेल, तर ते वरच लिहायला हवं: ‘हे दर चर्चेसाठी आहेत. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार होईपर्यंत कोणीही बांधील राहणार नाही.’ त्या एकाच व्यवहाराच्या मेलमध्ये, पहिल्या परिच्छेदात. आणि वागणंही तसंच हवं. सहीआधी माल पाठवायला सुरुवात केली, तर या वाक्याचाही आधार ढासळतो.

सूचना उपयोगी पडते त्या प्रत्येक प्रसंगात हेच दिसतं. ती वर असते, त्या मेलपुरती असते, आणि तिच्यामागे आधीपासून एखादं बंधन किंवा कायद्याची तरतूद उभी असते.

चाकणच्या कंपनीचं ड्रॉइंग घ्या. ग्राहकाशी तिचा एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, झालेला आहे. अशा बऱ्याच करारांत एक कलम असतं की लेखी माहितीवर ‘गोपनीय’ अशी स्पष्ट खूण असेल तरच तिला संरक्षण मिळेल. हे कलम ज्याने सही केली त्यानेच वाचलेलं असतं. मेल पाठवणाऱ्या इंजिनिअरपर्यंत ते पोचलेलंच नसतं. तिथे विषयाच्या ओळीत ‘गोपनीय: एनडीएनुसार’ असं लिहायचं, मेलच्या सुरुवातीला कराराची तारीख आणि कोणत्या फाइलला ते लागू आहे हे एका वाक्यात सांगायचं, आणि ड्रॉइंगच्या प्रत्येक पानावर तीच खूण करायची, कारण फाइल पुढे गेली की मेल मागे राहतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या कसोटीतला नेमकेपणा तो हाच.

तडजोडीची बोलणी हा दुसरा प्रसंग. बाराशे नगांपैकी काही सदोष निघाले आणि ‘वाद मिटत असेल तर निम्मी रक्कम सोडतो’ असं लिहायचं आहे. दिवाणी दाव्यात ही कबुली पुरावा म्हणून वापरायची नाही, अशा स्पष्ट अटीवर ती दिलेली असेल, तर ती वापरता येत नाही, असं जुन्या पुरावा कायद्याचं कलम २३ सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द लिहायचे ते यासाठी. पण तडजोडीच्या मेलवरच. रोजच्या प्रत्येक मेलखाली ते छापले तर कोणती बोलणी खरी आणि कोणती तडजोडीची, हेच ओळखता येणार नाही.

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपन्यांसाठी तर सूचना देणं सक्तीचंच आहे. किमतीवर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली माहिती कामानिमित्त बाहेरच्या कोणाला द्यावी लागली, तर ती गुप्त ठेवण्याची रीतसर सूचना त्या व्यक्तीला द्यायला हवी, असं सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम सांगतात. ही सूचना नाव घेऊन, त्या माहितीबद्दल द्यायची असते. सगळ्यांना सारखी जाणारी तळटीप हे काम करेल, यावर मी तरी विसंबणार नाही.

हे सगळं अमलात आणायला कंपनीच्या आयटी माणसाचा अर्धा दिवस पुरतो. तळटीप बहुतेक ठिकाणी सर्व्हरवरून जोडली जाते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत `Mail flow` खालच्या `Rules` मध्ये `Apply disclaimers` हा नियम असतो, गुगल वर्कस्पेसमध्ये `Append footer`. नियमाला दोन अटी जोडायच्या. एक, मेल कंपनीबाहेर जात असेल तरच तळटीप लागावी. शेजारच्या टेबलावर जाणाऱ्या मेलला सीआयएन नको. दुसरी, मेलमध्ये तळटीपेतलं एखादं खास वाक्य आधीच असेल तर ती पुन्हा लागू नये. ही दुसरी अट नसली की दहा उत्तरांच्या साखळीत तोच परिच्छेद दहा वेळा साचतो, आणि मूळ कोटेशन शोधायला मोबाइलवर बोट दुखेपर्यंत सरकवत बसावं लागतं. नियम बदलल्यावर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर नवा मेल आणि त्याचं उत्तर पाठवून पाहावं. चूक तिथेच दिसते.

मेल चुकीच्या माणसाकडे जातो तो बहुतेकदा पत्ता आपोआप भरला जातो म्हणून. दोन अक्षरं टाइप केली की सारख्या नावाचा दुसराच ग्राहक पुढे येतो. तळटीप तिथे काहीच करत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवावी. आउटलुकमधली मेल परत बोलावण्याची सोय आपल्याच संस्थेतल्या लोकांपुरती चालते, बाहेर गेलेल्या मेलसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. ड्रॉइंग किंवा पगारपत्रक जोडण्याऐवजी ठरावीक माणसांनाच उघडेल अशी लिंक द्यावी, म्हणजे चूक कळताच ती बंद करता येते. लिंक जमत नसेल तर फाइलला पासवर्ड घालावा आणि तो फोनवर सांगावा, त्याच मेलमध्ये नव्हे.

त्यातूनही मेल गेलाच तर आधी फोन करायचा. समोरच्याला न उघडता काढून टाकायची विनंती करायची, त्याने तसं केल्याचं दोन ओळींत लेखी मागायचं, आणि काय गेलं, केव्हा गेलं याची नोंद ठेवायची. त्यात कर्मचाऱ्यांची किंवा ग्राहकांची वैयक्तिक माहिती असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अनवधानाने झालेला खुलासाही माहितीचा भंग मानला आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ही जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या कंपनीची आहे. मेल चुकून ज्याच्या हाती पडला, त्याला तळाशी कितीही बजावलं तरी ती त्याच्याकडे सरकत नाही.